कमान दिसली, पण ती कोणाची? झिर्कोनियाच्या पेलेटमध्ये कण आणि कणसीमा वेगळे करताना झालेली गफलत

पार्श्वभूमी

एका प्रयोगशाळेत ८ मोल टक्के यट्रिया घातलेल्या झिर्कोनियाच्या पेलेटवर काम चाललं होतं. हा घन इलेक्ट्रोलाइट आहे, त्यातून ऑक्सिजनचे आयन वाहतात. पीएचडी करणारी विद्यार्थिनी पावडर दाबून पेलेट करायची, १४५० अंश सेल्सिअसला चार तास भाजायची, दोन्ही बाजूंना प्लॅटिनमची पेस्ट लावायची आणि फर्नेसमध्ये ठेवून इम्पिडन्स, म्हणजे वेगवेगळ्या वारंवारतेच्या विजेला होणारा विरोध, मोजायची. मोजमापाच्या यंत्राची देखभाल आणि नव्या मुलांना ते शिकवणं माझ्याकडे होतं. त्यामुळे पुढे जे झालं त्यात माझाही वाटा आहे, तो जिथे येईल तिथे सांगतो.

पावडरचा तो लॉट फारसा शुद्ध नव्हता. त्यात सिलिकाचा अंश होता. सिलिका भाजताना कणांच्या आत जात नाही, ती कणांच्या मधल्या शिवणीत, म्हणजे कणसीमेत, जाऊन बसते आणि आयनांची वाट अडवते. यावर जुना, माहितीतला उपाय म्हणजे थोडी अ‍ॅल्युमिना मिसळणं. ती त्या काचेसारख्या थराला आपल्याकडे ओढून घेते आणि शिवण मोकळी होते. वजनाने ०.५ टक्के अ‍ॅल्युमिना घालून दुसरी पेलेट केली. पहिलीला अ म्हणू, दुसरीला ब. दोन्ही घासून एकाच मापाच्या केल्या होत्या: व्यास १० मिलिमीटर, जाडी १.५७ मिलिमीटर. म्हणजे जाडी भागिले क्षेत्रफळ बरोबर ०.२ प्रति सेंटिमीटर. हा आकडा मुद्दाम तसा ठेवला होता, तोंडी हिशेब करायला सोपा जातो.

अडचण

मोजमाप ७०० अंशांना केलं, कारण पुढे सेल त्याच तापमानाला चालवायचा होता. यंत्राची मर्यादा १ मेगाहर्ट्झ ते ०.१ हर्ट्झ. आलेल्या आलेखात डावीकडे आडव्या अक्षाला २३ ओहमवर छेद होता आणि त्याला लागून ४५ ओहम रुंदीची एक छान कमान. विद्यार्थिनीने वहीत लिहिलं: कणांचा रोध २३, कणसीमेचा ४५. पुस्तकातल्या आकृतीत डावीकडे कण, मग कणसीमा असाच क्रम असतो, त्यामुळे तिला हे सरळ वाटलं. वही मी पाहिली होती आणि मलाही त्यात काही खटकलं नाही.

मग ब मोजली. अ‍ॅल्युमिनाने कणसीमा मोकळी व्हायला हवी, म्हणजे कमान लहान व्हायला हवी. कमान आली ४७ ओहमची. छेद मात्र २३ वरून १८ वर आला होता. त्यापुढे तिने कंसात लिहिलं होतं, "जाडीतला फरक असावा."

तीन आठवडे त्या कमानीच्या मागे गेले. अ‍ॅल्युमिनाचं प्रमाण बदललं, दळण्याचा वेळ वाढवला, कमान हलायला तयार नाही. एकदा मात्र ती एकदम ६० ओहमच्या वर गेली. त्या दिवशी पेस्टची नवी डबी उघडली होती. विद्यार्थिनी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "दादा, पेस्ट बदलली की कणसीमा बदलते, असं कसं?"

या प्रश्नाने गाठ सुटायला सुरुवात झाली. पेस्ट पेलेटच्या पृष्ठभागावर असते. आतल्या कणसीमेला तिची खबरही नसते.

कमानीची ओळख तिच्या धारितेवरून

मी तिला कमानीच्या माथ्यावरची वारंवारता विचारली. ती आलेखात नव्हतीच. या प्रकारच्या आलेखाचा हाच मोठा दोष आहे: आडव्या अक्षावर इम्पिडन्सचा वास्तव भाग, उभ्यावर काल्पनिक भाग, आणि वारंवारता कुठेच दिसत नाही. फाइल उघडून पाहिलं तर माथा १०० हर्ट्झला होता. मग साधं सूत्र:

```
C = 1 / (2π · f_max · R)
```

४५ ओहम आणि १०० हर्ट्झ घातले की धारिता येते सुमारे ३५ मायक्रोफॅरड. इथेच निकाल लागला. अशा मापाच्या पेलेटमध्ये कणांची धारिता १० पिकोफॅरडच्या आसपास असते, कारण पेलेट म्हणजे दोन पत्र्यांमध्ये दीड मिलिमीटर झिर्कोनिया धरलेला कपॅसिटर. कणसीमा फार पातळ असतात, म्हणून त्यांची धारिता त्याच्या शेकडो पट, साधारण नॅनोफॅरडमध्ये. मायक्रोफॅरड म्हटलं की इलेक्ट्रोड आणि इलेक्ट्रोलाइट जिथे भेटतात तो पृष्ठभाग. आमची ४५ ओहमची कमान पूर्णपणे प्लॅटिनमच्या पेस्टची होती. झिर्कोनियावरच्या वेगवेगळ्या कमानी कोणाच्या, हे बाउअर्ली यांनी १९६९ मध्येच मांडलं होतं, म्हणजे आम्ही काही नवी चूक करत नव्हतो.

मग कण आणि कणसीमा गेले कुठे? कमानीचा माथा रोध आणि धारिता यांच्या गुणाकारावर ठरतो. ७०० अंशांना कणांचा रोध दहा-बारा ओहम, धारिता १२ पिकोफॅरड, म्हणजे माथा १ गिगाहर्ट्झच्या आसपास. कणसीमेचा माथा काही मेगाहर्ट्झला. यंत्र १ मेगाहर्ट्झलाच थांबतं. त्यात जोडणीच्या तारांचं इंडक्टन्स १ मायक्रोहेन्री धरलं तरी १ मेगाहर्ट्झला ते ६.३ ओहमचं होतं, म्हणून आलेखाचं डावं टोक अक्षाखाली घसरत होतं. कण आणि कणसीमा दोन्ही त्या एका छेदात, २३ ओहमच्या आकड्यात, मिसळून बसले होते. त्यातच तारांचे २ ओहमही होते.

याचा अर्थ असा की ब पेलेटमधली सुधारणा आलेखात पहिल्या दिवसापासून होती, फक्त २३ आणि १८ च्या फरकात, ज्याच्यापुढे कंस घातला होता.

कोणते मार्ग होते

सर, म्हणजे तिचे मार्गदर्शक, यांच्यासमोर हे मांडलं तेव्हा त्यांनी आधी विचारलं की कमान इलेक्ट्रोडची आहे हे फक्त एका सूत्रावरून म्हणायचं का. बरोबर शंका होती. त्यावर स्वस्तात होणारी एक चाचणी केली: अ च्याच घाण्यातली जोडीची पेलेट घासून निम्मी जाडी केली आणि त्याच पेस्टने पुन्हा मोजली. छेद २३ वरून जवळपास १३ वर आला, कमान ४४ ओहम. पेलेटच्या आतलं जे काही आहे ते जाडीबरोबर निम्मं व्हायला हवं, पृष्ठभागावरचं तसंच राहायला हवं. तसंच झालं.

इथे एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. जाडी बदलून इलेक्ट्रोड वेगळा काढता येतो, पण कण आणि कणसीमा एकमेकांपासून वेगळे होत नाहीत, कारण दोघांचाही रोध जाडीच्या प्रमाणातच कमी होतो. त्यासाठी वेगळा मार्ग हवा होता.

चार टोकांची डीसी पद्धत चर्चेत आली. तिने तारा आणि इलेक्ट्रोड दोन्ही बाद होतात, पण मिळतो तो एकूण रोध, फोड मिळत नाही. जास्त वारंवारतेचं यंत्र आणायचं हा दुसरा विचार. पण गिगाहर्ट्झपर्यंत गेलं तर फर्नेसमधल्या लांब तारांनी कसलंच मोजमाप नीट होत नाही, नमुना धरायची पद्धतच बदलावी लागते. राहिला तिसरा मार्ग: तापमान उतरवायचं. रोध वाढला की माथे आपोआप खालच्या वारंवारतेकडे सरकतात आणि यंत्राच्या टप्प्यात येतात. धारिता तापमानाने फारशी बदलत नाही, त्यामुळे ओळख पटवायला तीच खूण कामाला येते.

याची किंमत काय हेही सरांनी विचारलं. किंमत ही की उत्तर मिळतं २५० किंवा ३०० अंशांचं, आणि सेल चालणार ७०० ला. हा मुद्दा पुढे पुन्हा आला.

काय केलं

सुरुवात ३०० अंशांपासून केली. दोन कमानी आणि उजवीकडे इलेक्ट्रोडची वर जाणारी शेपटी. पहिलीचा माथा २३० किलोहर्ट्झला. दिसायला चांगलं, पण १ मेगाहर्ट्झ त्यापासून फक्त चौपट दूर, त्यामुळे कमानीची डावी कड अपुरी होती आणि फिटिंग दर वेळी वेगळं उत्तर द्यायचं. २५० ला उतरल्यावर पहिला माथा ३० किलोहर्ट्झला आला, दुसरा ६२ हर्ट्झला, आणि दोन्ही कमानी पूर्ण दिसल्या. मुख्य तुलना इथेच करायची असं ठरलं.

आलेख काढताना दोन्ही अक्षांची पट्टी सारखी ठेवायची, हे सांगण्यासारखं आहे. संगणकाने खिडकीच्या आकाराप्रमाणे पट्टी ताणली होती आणि ती विद्यार्थिनी चपटी कमान पाहून तिच्यात आणखी एक लपलेली कमान शोधत होती. पट्टी सारखी केल्यावर चपटेपणा बराचसा गेला. जो उरला तो खरा होता.

तो उरलेला चपटेपणा म्हणजे दुसऱ्या कमानीचं केंद्र अक्षाच्या थोडं खाली होतं. म्हणून फिटिंगमध्ये शुद्ध कपॅसिटरऐवजी स्थिर-कला घटक घेतला, ज्याचे दोन आकडे असतात, Q आणि n. कण आणि कणसीमा दोघांसाठी रोधाला समांतर असा एकेक घटक, आणि या दोन जोड्या एकापुढे एक. अ पेलेटला २५० अंशांवर मिळालं: कणांचा रोध ३०७ किलोओहम, कणसीमेचा ५३८ किलोओहम, कणसीमेचा n ०.९२ आणि Q ७.७ × १०⁻⁹.

माझी चूक इथे झाली. सॉफ्टवेअरच्या तक्त्यात त्या रकान्यावर C असंच लिहिलेलं होतं आणि मी ७.७ नॅनोफॅरड म्हणून तो आकडा पुढे दिला. Q चं एककच फॅरड नसतं, n एक असेल तरच ते फॅरड होतं. खरी धारिता काढायला हे करावं लागतं:

```
C = (R^(1-n) · Q)^(1/n)
```

त्यातून ४.८ नॅनोफॅरड आले. n फक्त ०.९२ असताना एवढा फरक पडतो. पडताळा सोपा आहे: ५३८ किलोओहम आणि ४.८ नॅनोफॅरड मागच्या सूत्रात घातले की माथा ६२ हर्ट्झला येतो, आणि आलेखातही तो तिथेच होता. ७.७ घातले असते तर ३८ आला असता. हा पडताळा मी आधी केला असता तर दोन दिवस वाचले असते.

दुसरा खड्डा कणांच्या बाजूला होता. कणांच्या कमानीतून धारिता निघाली १७ पिकोफॅरड. पेलेटचं माप माहीत असल्याने तिच्यातून पारवैद्युतांक काढता येतो, तो आला ३८. यट्रिया घातलेल्या झिर्कोनियाचा तो २७ ते ३० असायला हवा. आता हा फरक सोडून देण्याचा मोह होतो, कारण रोध तर बरोबर मिळाला आहे. पण विद्यार्थिनी अडून बसली, आणि तिचं बरोबर होतं. नमुना काढून, इलेक्ट्रोडच्या दांड्यांमध्ये तेवढंच अंतर ठेवून नमुना धरायचा जिग रिकामाच मोजला. त्याचीच धारिता ५ पिकोफॅरड निघाली. ती वजा केल्यावर १२ पिकोफॅरड, पारवैद्युतांक २७. ही उपरी धारिता कणांच्या रोधाला जवळजवळ धक्का लावत नाही, कणसीमेच्या हजारो पिकोफॅरडपुढेही ती नगण्य आहे. पण पुढच्या हिशेबात कणांची धारिता भागाकारात येते, आणि तिथे ४० टक्क्यांची चूक राहिली असती.

कणसीमा खरंच सुधारली की कमी झाली?

कणसीमेचा रोध दोन कारणांनी घटू शकतो. एक तर सीमा स्वतः जास्त मोकळी झाली, किंवा कण मोठे होऊन वाटेतल्या सीमांची संख्याच घटली. कमानीची रुंदी या दोघांत फरक करत नाही. हा फरक दाखवायला आम्ही मुद्दाम तिसरी पेलेट केली, क: अ चीच पावडर, अ‍ॅल्युमिना नाही, पण १५०० अंशांना दहा तास. सूक्ष्मदर्शकाखाली अ आणि ब मधले कण सरासरी २ मायक्रोमीटरचे होते, क मधले ४.१ मायक्रोमीटरचे.

२५० अंशांना कणसीमेचा रोध असा आला: अ ५३८ किलोओहम, ब २१५, क २८०. फक्त एवढंच पाहिलं तर ब आणि क दोन्ही चांगल्या, उपाय दोन्ही सारखे.

आता माथ्यावरची वारंवारता पाहा. अ ची ६२ हर्ट्झ, ब ची १५४, क ची ५७. कण मोठे झाले की सीमा कमी होतात, रोध उतरतो, पण त्याच प्रमाणात धारिता चढते. क ची धारिता ९.९ नॅनोफॅरड होती, अ च्या दुप्पट. म्हणून गुणाकार तोच राहतो आणि माथा जागचा हलत नाही. माथा हलला तर समजायचं की सीमेच्या अंतरंगात बदल झाला. ब मध्ये माथा अडीच पट वर गेला, धारिता मात्र ४.८ नॅनोफॅरडच. सीमा तेवढ्याच, प्रत्येक सीमा अडीच पट मोकळी. क मध्ये माथा थोडा खालीच आला. तेवढीच सिलिका आता कमी सीमांवर पसरली, म्हणून प्रत्येक सीमा किंचित जास्त अडलेली, असा मी त्याचा अर्थ लावतो. फरक लहान आहे, त्यावर पैज लावणार नाही.

हेच आकड्यात मांडायला विटांच्या भिंतीची प्रतिमा वापरतात. कण म्हणजे चौकोनी विटा, सीमा म्हणजे मधला पातळ चुना. दोघांचा पारवैद्युतांक सारखा धरला तर चुन्याची जाडी आणि विटेची लांबी यांचं गुणोत्तर धारितांवरून मिळतं. अ साठी १२ पिकोफॅरड भागिले ४.८ नॅनोफॅरड म्हणजे ०.००२५. कण २ मायक्रोमीटरचा, म्हणून सीमेची विद्युत जाडी ५ नॅनोमीटर. मग सीमेची स्वतःची वाहकता:

```
σ_gb = (L/A) · (1/R_gb) · (C_g/C_gb)
```

अ साठी ती आली ९.३ × १०⁻¹⁰ सीमेन्स प्रति सेंटिमीटर, कणांची ६.५ × १०⁻⁷. म्हणजे सीमा कणापेक्षा सातशे पट कमी वाहते. ब साठी सीमेची वाहकता २.३ × १०⁻⁹. क साठी ८.७ × १०⁻¹⁰, अ च्या थोडी खालीच.

पाच नॅनोमीटर म्हणजे काचेच्या थराची जाडी असं कोणी समजू नये. काचेचा थर याहून पातळ, एखाद्या नॅनोमीटरचा असतो, आणि तो सगळीकडे सलग असेलच असं नाही. शिवाय सिलिका अजिबात नसतानाही झिर्कोनियाची सीमा आयन अडवते. सीमेच्या गाभ्यावर धन प्रभार साचतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा, ज्यांच्या आधारे आयन पुढे सरकतो, त्या विरळ होतात. हा विरळ पट्टाही त्या पाच नॅनोमीटरमध्ये मोजला जातो. त्यामुळे अ‍ॅल्युमिनाने सिलिका सगळी काढली तरी सीमेचा रोध शून्य होणार नाही.

एक तापमानाची कुरबूर

ब च्या पहिल्या मोजमापात कणांचाच रोध अ पेक्षा १० टक्के जास्त आला. घटक तेच, माप तेच, मग कणांनी का बदलावं? अ‍ॅल्युमिना कणांत विरघळली का, इथपर्यंत चर्चा गेली. कारण साधं होतं: थर्मोकपलचं टोक पेलेटपासून सरकलेलं होतं. सक्रियण ऊर्जा, म्हणजे आयनाला पुढे सरकायला लागणारी ऊर्जा, १.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट असली की २५० अंशांजवळ एका अंशाच्या चुकीने रोध जवळपास ५ टक्के बदलतो. दोन अंशांत हिशेब पुरा. टोक पेलेटला चिकटवून, तापमान स्थिर व्हायला अर्धा तास देऊन पुन्हा मोजलं, तेव्हा कणांचा रोध तीन टक्क्यांच्या आत जुळला. वर दिलेले आकडे या दुसऱ्या फेरीचे आहेत.

तेव्हापासून आम्ही कणांचा रोध थर्मामीटरसारखा वापरतो. सारख्या घटकाच्या पेलेटमध्ये तो जुळला नाही तर पुढचं काही वाचायचं नाही.

निष्पत्ती

अ‍ॅल्युमिनाचा उपाय लागू पडला होता आणि तो ब मध्येच, म्हणजे पहिल्याच प्रयत्नात, लागू पडला होता. मधल्या तीन आठवड्यांत बदललेली प्रमाणं, दळणं, सगळं प्लॅटिनमच्या पेस्टला प्रश्न विचारण्यात गेलं.

७०० अंशांचा प्रश्न मात्र तसाच राहिला. विद्यार्थिनीने २५० ते ३५० मधल्या रेषा सरळ पुढे वाढवल्या. कणांची सक्रियण ऊर्जा १.१ आणि सीमेची १.१८ इलेक्ट्रॉनव्होल्ट. सीमेची जास्त, म्हणून तापमान चढेल तसा सीमेचा वाटा घटतो, हे ठीक. पण ७०० ला बेरीज आली १३ ओहम, आणि मोजलेला आकडा तारा वजा करून २१. रेषा चुकीची नाही, ती तिथपर्यंत सरळ जात नाही. कमी तापमानाला रिकाम्या जागा यट्रियमशी बांधलेल्या असतात, त्या सोडवायलाही ऊर्जा लागते. तापमान चढतं तशी ही बांधणी सुटत जाते आणि उतार कमी होतो. म्हणून खालून ओढलेली रेषा वर खऱ्याहून चांगली वाहकता दाखवते.

सरांना प्रबंधात ७०० ची फोड हवी होती. मी विरोध केला. ७०० ला आपण फक्त बेरीज मोजली आहे. अ ची २१, ब ची १६ ओहम. हा पाच ओहमचा फरक कणसीमेचा आहे, कारण २५० ला कणांचा रोध दोघांत सारखा होता. सीमा अडीच पट मोकळी झाली हे ७०० लाही लागू धरलं, तर अ मध्ये सीमेचे ८ ते ९ ओहम असावेत. ही अटकळ आहे आणि तिच्यात एक ओहमची चूक सहज बसते. शेवटी ती अटकळ म्हणूनच, मजकुरात, गृहीतकासकट लिहिली गेली. तक्त्यात ७०० च्या ओळीत फक्त एकूण रोध आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच दिवशी कमानीच्या शेजारी वारंवारतेचे टप्पे लिहिले असते तर १०० हर्ट्झ डोळ्यांत भरलं असतं. आता आमच्याकडे आलेखावर दर दशकाचा बिंदू ठळक केल्याशिवाय तो दाखवायचा नाही आणि प्रत्येक रोधाच्या रकान्याशेजारी धारितेचा रकाना भरायचा, असं ठरलं आहे.

मोजमापाची सुरुवात खालच्या तापमानाला करायला हवी होती. तिथून वर गेलं असतं तर दोन कमानी टप्प्याटप्प्याने डाव्या टोकाच्या वारंवारतेकडे सरकताना आणि शेवटी नाहीशा होताना दिसल्या असत्या, आणि ७०० ला उरलेली कमान कोणाची हा प्रश्न पडलाच नसता.

रिकाम्या जिगचं मोजमाप तर दहा मिनिटांचं काम. ते नव्या मुलांना शिकवायच्या माझ्या यादीत नव्हतं.

एका निर्णयाबद्दल मात्र माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. क पेलेट करायला आठवडा गेला, आणि सर म्हणत होते की अ आणि ब मध्ये कण सारखेच असल्याने तिची गरज नव्हती. हिशेबाने ते खरं आहे. तरी माथा जागचा हलत नाही हे ५७ आणि ६२ शेजारी शेजारी पाहिल्यावर विद्यार्थिनीला जे पटलं, ते मी फळ्यावर तीनदा सांगून पटलं नव्हतं. पेस्टची ती नवी डबी तिने अजून ठेवली आहे, झाकणावर तारीख आणि ६० ओहम लिहून.